टोपलीतले किटण

चकल्यांचा शेवटचा घाणा निघाला, गॅस बंद झाला, कढई खाली उतरली, की तिच्याकडे एकदा नीट पाहावे. जिथे दोन तास तेल तापत होते तो तळ बऱ्यापैकी स्वच्छ असतो. आणि तेलाच्या पातळीच्या वर, काठालगत, जिथे नुसते शिंतोडे उडाले होते तिथे मात्र तपकिरी, मेणचट वळे बसलेले असते. तेल तेच, कढई तीच, दिवसही तोच. तळाचे तेल फडक्याने पुसता येते, काठावरचे नखानेसुद्धा हलत नाही.

एअर फ्रायरची टोपली म्हणजे एका अर्थाने सगळीच्या सगळी कढईचा काठ आहे. तिच्यात तेलाचा साठा कधी नसतोच. असतो तो पातळ थर, शिंतोडे, ठिबकलेले थेंब. त्यावर १८० ते २०० अंश सेल्सिअसचा वारा पंख्याने फिरवलेला. तेलाचे किटण व्हायला तीन गोष्टी लागतात: उष्णता, हवा आणि पातळ थर. इथे तिन्ही एकाच डब्यात जमतात. म्हणून ‘आम्ही तर अगदी चमचाभर तेल वापरतो, तरी टोपली इतकी चिकट कशी?’ या प्रश्नाचे उत्तर थोडे उलटे आहे. चमचाभरच वापरता, ते पसरते, म्हणून.

हे किटण म्हणजे घट्ट झालेले तेल नव्हे, हे एकदा लक्षात आले की पुढचे बरेच सोपे होते. तापलेल्या तेलाच्या रेणूंना हवेतला प्राणवायू लागतो, ते एकमेकांत गुंततात आणि हळूहळू त्यांची जाळी विणली जाते. जाळी अर्धवट विणलेली असते तेव्हा हाताला चिकट लागते, रंग मधासारखा असतो. पूर्ण विणली गेली की कडक, गडद तपकिरी, गुळगुळीत थर होतो. रंगाच्या दुकानातले जवसाचे तेल लाकडावर वाळून वॉर्निश होते ते याच वाटेने. समईच्या बैठकीवर साचणारा चिकटा, स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यांवरचा राप, फोडणीच्या शेल्फवर ठेवलेल्या तेलाच्या बुधलीचे मेणचट अंग, सगळी एकाच कुळातली. बिडाच्या तव्याला आपण तेल लावून, तापवून मुद्दाम जो काळा थर चढवतो, तोही हाच. तव्यावर तो हवा असतो, टोपलीत नको असतो, एवढाच फरक.

सगळी तेले मात्र सारख्या वेगाने किटत नाहीत. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीन या तेलांची जाळी लवकर विणली जाते. करडईचे तेल तर रंग आणि वॉर्निशातही वापरले जाते. शेंगदाण्याचे तेल त्यामानाने सबुरीचे, आणि खोबरेल फारच आळशी. कोकणातल्या ज्या घरात मासळीला खोबरेलाचा हात लावून ती फ्रायरमध्ये जाते, तिथली टोपली तुपकट होईल, पण मधाचे थेंब वाळल्यासारखी दिसायला वेळ लागेल.

आता टोपलीच्या बाजूने पाहू. बहुतेक टोपल्यांवरचा काळा न चिकटणारा लेप हा पीटीएफई नावाच्या पदार्थाचा असतो, ज्याला लोक सरसकट टेफ्लॉन म्हणतात. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला तो १९३८ साली अपघातानेच सापडला. शीतकरणाच्या वायूवर काम चालू असताना एका नळकांड्यातून वायू बाहेर येईना, म्हणून ते कापले तर आत पांढरी बुळबुळीत भुकटी निघाली. तिला काहीही चिकटत नाही, ही तिची ख्याती. पण मग ती स्वतः भांड्याला कशी चिकटवायची? १९५४च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार या अभियंत्याने ॲल्युमिनियमवर हा लेप बसवला आणि त्यातून न चिकटणाऱ्या तव्यांचा धंदा उभा राहिला. युक्ती अशी की धातूचा पृष्ठभाग आधी आम्लाने खरबरीत करायचा, म्हणजे त्याच्या बारीक खड्ड्यांत लेप पाय रोवून बसतो. आजही धातू आधी खरबरीत केलाच जातो. लेप धातूला घट्ट धरून राहतो त्यात या पकडीचा मोठा वाटा असतो.

या इतिहासाचा घासणीशी थेट संबंध आहे. पीटीएफई रसायनांना दाद देत नाही, पण अंगाने मऊ आहे. आपल्या घरातल्या घासण्याच्या वस्तू मात्र कडक. तारेची घासणी तर उघडच शत्रू. पण हिरव्या खरखरीत घासणीत सहसा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, म्हणजे सँडपेपरवर असतात तसलेच. भांड्यांच्या पावडरीत दगडाची भुकटी असते. वडीच्या साबणातही घासण्यासाठी खनिजाची पूड मिसळलेली असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘आम्ही तार वापरतच नाही, साधी वडी वापरतो’ असे सांगणाऱ्या घरातल्या टोपलीवर बारीक गोल गोल ओरखडे दिसतात ते त्यामुळे. आणि ओरखडा एकदा धातूपर्यंत पोचला की त्याच्या कडेने पाणी, मीठ, सोडा लेपाखाली शिरतात. लेप सुटतो तो ओरखड्याच्या जागी कमी आणि त्याच्या कडेने जास्त.

पूर्वी चुलीच्या राखेने भांडी घासत. राखेत दोन गुण होते. एक, तिच्यातला क्षार तेलाला धरून त्याचा साबण करी. दुसरा, तिची खर घासून काढी. टोपलीसाठी यातला पहिला गुण घ्यायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, एवढाच काय तो सगळा मामला.

डोंबिवलीतल्या एका घराचे उदाहरण घेऊ. फ्रायर चार लिटरचा, चौकोनी टोपलीचा, आत भोकांची सुटी जाळी. घेऊन चौदा महिने झालेले. दर वेळी वापराआधी टोपलीच्या आतून सूर्यफूल तेलाचा फवारा मारायची सवय. धुणे रोजचेच, पण गार पाण्याने आणि घाईत. चौदा महिन्यांनी जाळीची निम्मी भोके बुजत आली होती, भिंतींवर मधाच्या रंगाचे ओघळ गोठले होते, आणि बटाट्याच्या फोडी काढताना त्यांची साले टोपलीत राहू लागली होती. घरातल्या सुनेने निष्कर्ष काढला की कोटिंग गेले, नवी टोपली मागवावी. सासूबाईंचे मत निराळे.

“अगं, तारेने दोन हात मार, लख्ख निघेल.”

“आई, तेल निघेल, पण त्याबरोबर कोटिंगही निघेल ना.”

दोघींपैकी कोणाचे खरे, हे ठरवायला पाण्याचा एक थेंब पुरला. कोरड्या टोपलीत स्वच्छ दिसणाऱ्या एका जागी बोटाने थेंब सोडला, तर तो अळूच्या पानावर राहतो तसा गोल उभा राहिला आणि टोपली कलती करताच घरंगळला. तपकिरी ओघळावर सोडलेला थेंब पसरून बसला. म्हणजे लेप शाबूत होता. बटाटे चिकटत होते ते लेपाला नव्हे, लेपावर चढलेल्या जुन्या तेलाला. तिसरीही शक्यता असते. बोट फिरवताना खाली उतरल्यासारखी पायरी लागते आणि तिथे चांदीसारखा धातू चमकतो. तसे असते तर मात्र सुनेचे बरोबर ठरले असते.

टोपली उन्हात ठेवलेल्या भांड्याइतकी कोमट असताना काम सुरू झाले. फ्रायरमधून नुकत्याच काढलेल्या टोपलीवर गार पाणी ओतणे टाळावे, कारण धातू आणि लेप सारख्या प्रमाणात आकसत नाहीत आणि त्या ओढाताणीत लेपाची पकड ढिली होते. आधी सुटे तुपकट तेल जुन्या कागदाने टिपून घेतले. ते सिंकमध्ये गेले नाही म्हणजे पाइपही वाचतो.

मग एक लिटर उकळते पाणी आणि एक लिटर नळाचे पाणी टोपलीत ओतले. दोन्ही मिळून साधारण ६० ते ६५ अंशांचे होते, म्हणजे हात बुडवता येणार नाही असे, पण उकळते नाही. त्यात खाण्याच्या सोड्याचे दोन मोठे चमचे आणि भांड्यांच्या द्रव साबणाची छोटी धार. जाळी टोपलीतच, पाण्याखाली. वरून ताट झाकले, म्हणजे ऊब टिकते. आणि पाऊण तास कोणी हात लावायचा नाही.

या पाऊण तासात काय चालते? किटलेल्या तेलाच्या रेणूंना आंबट टोके फुटलेली असतात. जुन्या तेलाचा खवट वास येतो त्याच्याच नात्यातली ही गोष्ट. सोडा त्या टोकांना धरतो आणि त्यांचा साबण करतो. अर्धवट विणलेली जाळी त्यामुळे फुगते, सैल पडते, आणि द्रव साबण सुटलेले तेल पाण्यात धरून ठेवतो. ऊब हे सगळे वेगात घडवते. दुप्पट सोडा घातला म्हणून मात्र काम दुपटीने होत नाही. खाण्याच्या सोड्याचे पाणी कितीही दाट केले तरी त्याचा क्षारपणा जवळपास तेवढाच राहतो. सौम्य आहे म्हणून तर तो इथे चालतो.

धुण्याचा सोडा याहून कितीतरी तीव्र. स्टीलच्या डब्यासाठी, पोळपाटाखालच्या ट्रेसाठी तो उत्तम; पण ज्या टोपलीचा आतला धातू ॲल्युमिनियम आहे तिच्यासाठी नको. लेप नवाकोरा असला तरी जाळीच्या भोकांच्या कडांना, स्क्रूंच्या बाजूला कुठेतरी धातू उघडा असतोच, आणि तिथे तीव्र क्षार ॲल्युमिनियम खातो, काळपट करतो. ओव्हन साफ करायच्या फवाऱ्यांत बऱ्याचदा कॉस्टिक सोडा असतो. तो तर टोपलीच्या वाऱ्यालाही उभा करू नये. याच कारणासाठी खाण्याच्या सोड्यातही टोपली रात्रभर बुडवून ठेवण्यात अर्थ नाही. पाणी गार झाले की काम थांबते, पण हँडलच्या सांध्यात शिरलेले पाणी आपले काम करत राहते.

सोड्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पिळून फेस काढायचा प्रयोग अनेक जण हौसेने करतात. दिसायला तो झकास असतो. पण फेस म्हणजे क्षार आणि आम्ल यांनी एकमेकांना संपवले याची खूण. मागे उरते ते एका प्रकारच्या मिठाचे पाणी, आणि तेलाला त्याचे काही नाही. बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर ते शेवटी पातळ व्हिनेगरने वेगळे पुसावेत.

पाऊण तासाने ताट उघडले तेव्हा पाणी चहाच्या रंगाचे झाले होते. स्पंजच्या मऊ बाजूने, न रेटता, गोल हात फिरवल्यावर भिंतींवरचे ओघळ सुटले. आणि विरघळून नव्हे, तर पापुद्र्यासारखे, एका कडेने उचलले जाऊन. न चिकटणाऱ्या लेपावर हे घडू शकते, कारण किटणाची तिथे रसायनाची सोयरीक नसते. ते नुसते खाचांत आणि कडांवर अडकून बसलेले असते. एकदा कडेखाली पाणी शिरले की पुढचे काम पाणीच करते. उलट, कोरड्यात घासताना कड कधीच सुटत नाही, वरचा थर तेवढा झिजतो.

जाळीच्या भोकांसाठी जुना, मऊ दातांचा ब्रश. तोही वरून नव्हे, उलट्या बाजूने, म्हणजे अडकलेला गोळा आला त्या वाटेने परत ढकलला जातो. सुई, पिन, सुरीचे टोक भोकात घालणे हा मोह असतो. भोकाची कड हीच लेपाची सगळ्यात नाजूक जागा आहे. अगदी अडलेच तर भिजवलेली, टोक मोडलेली लाकडी काडी चालते.

कोपऱ्यांत मात्र गडद तपकिरी थर तसाच होता. तिथे सोड्याची पेस्ट लावायची. खाण्याच्या सोड्याचे तीन भाग आणि कोमट पाण्याचा एक भाग, अशी इडलीच्या पिठाहून घट्ट पेस्ट कोपऱ्यावर थापली, त्यावर ओला टिश्यू पेपर दाबून बसवला आणि अर्धा तास ठेवले. टिश्यूचे काम पेस्ट ओली ठेवण्याचे. ती वाळली की तिचे खडे होतात, आणि मग त्याच सोड्याने ओरखडे उठू शकतात. पेस्ट लावायची ती भिजवण्यासाठी. तिने घासायचे नाही, ती पाण्याने धुऊन टाकायची आणि मग स्पंज.

टिश्यू उचलला आणि सुनेच्या पोटात गोळा आला. पांढरी पेस्ट ठिकठिकाणी तांबूस झाली होती.

“आई, हे बघा, कोटिंगचा रंग निघतोय!”

सासूबाईंनी चष्मा लावला, पेस्ट बोटावर घेतली आणि हसल्या. “हळद आहे ही. कुंकू कसे करतात, माहीत नाही का?”

हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे घराघरातले जुने ज्ञान. सोडा चुन्याइतका कडक नसला तरी क्षारच आहे, म्हणून तेलात मुरलेल्या हळदीचा रंग तोही तांबूस करतो. पनीर टिक्का, मॅरिनेट केलेले चिकन, मसाला लावलेले पापलेट, सगळ्यांची हळद त्या थरात अडकून पडली होती. पीटीएफईचा लेप सहसा काळा किंवा करडा असतो, आणि सुटतो तेव्हा काळे, चिवट, पातळ कण पाण्यावर दिसतात. तो तांबूस रंग कधी देत नाही.

एकदा पेस्ट लावल्यावर चारपैकी तीन कोपरे साफ झाले. चौथ्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकाच दिवसात तीन-तीनदा हात चालवण्यापेक्षा हे बरे, कारण दर वेळी हाताचा रेटा आपोआप वाढत जातो. जे अजून चिकट, मधाळ असते त्याच्यावर आणखी एक साधा उपाय चालतो: बोटभर ताजे खाद्यतेल कोमट करून लावायचे, वीस मिनिटांनी टिपायचे आणि साबणाने धुवायचे. अर्धवट विणलेल्या जाळीतले सुटे तेल ताजे तेल आपल्यात ओढून घेते. कडक, वॉर्निश झालेल्या थराला मात्र त्याचा उपयोग नाही.

जाळीच्या मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग शेवटपर्यंत राहिला. त्यावर बोट गुळगुळीत फिरत होते, चिकटपणा नव्हता, आणि पाण्याचा थेंब पूर्ण गोल नाही तरी बऱ्यापैकी उभा राहत होता. हा पूर्ण विणलेला थर. सौम्य क्षाराला तो सहज दाद देत नाही. त्याला काढायला जे लागेल ते लेपालाही काढील, म्हणून थांबायची जागा हीच. असा डाग पदार्थाची चव बिघडवत नाही, धूरही करत नाही. धूर होतो तो टोपलीच्या खालच्या भागात साचलेल्या सुट्या तेलाचा, किंवा वरच्या तापणाऱ्या कॉइलवर उडालेल्या शिंतोड्यांचा. कॉइल पाहायची तर प्लग काढून, मशीन पूर्ण गार झाल्यावर, उलटे ठेवून, पिळलेल्या फडक्याने. तिथे पाणी ओतायचे नाही. टोपलीत पाणी भरून फ्रायरच चालू करायचा, ही सोय म्हणून सुचवली जाणारी युक्तीही टाळावी. पंखा ते पाणी वर, विजेच्या भागाकडे उडवतो.

लेप सिरॅमिकचा असला तर थोडा फरक पडतो. तो वाळूच्या जातीच्या पदार्थापासून बनतो, पीटीएफईपेक्षा कडक असतो, पण ठिसूळ. टोपली आपटली तर टवका उडतो. तेलाचा पातळ थर चढला की त्याचा न चिकटण्याचा गुणही लवकर मंदावतो. भिजवण्याची रीत मात्र दोन्हींना एकच.

आणि खरोखरच लेप सोलला गेला असेल तर? पोटात गेलेले पीटीएफईचे बारीक कण पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात. त्यासाठी घाबरून जायला नको. पण उघड्या ॲल्युमिनियमवर आंबट मसाले शिजवत राहणे बरे नव्हे, आणि सोललेली कड रोज थोडी पुढे सरकतेच. अनेक मॉडेलांची जाळी सुटी विकत मिळते, आणि सर्वांत आधी झिजते तीच. पूर्ण टोपली घेण्याआधी ते पाहावे.

डोंबिवलीच्या त्या घरात नंतर दोन सवयी बदलल्या. तेलाचा फवारा टोपलीवर मारणे बंद झाले. आता तेल परातीत, पदार्थालाच चोळले जाते, करंज्यांना ब्रशने. टोपलीवर पडलेल्या फवाऱ्यातले फार थोडे तेल पदार्थाला लागते, बाकी सगळे भिंतीवर भाजत राहते. बाजारात मिळणाऱ्या दाबाच्या डब्यातल्या फवाऱ्यांत तर बऱ्याचदा लेसिथिन नावाचा घटक असतो, आणि तो स्वतःच चिकट थर धरतो. दुसरी सवय वेळेची. जेवण उरकेपर्यंत टोपलीत गरम पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून ठेवायचे. त्या दिवशीचे तेल त्या दिवशी अजून तेलच असते. भांडी घासणाऱ्या मावशींसाठी सिंकजवळ एक पिवळा स्पंज वेगळा टांगला आहे. “ताई, ह्याला वडी लावायची नाही ना?” असे त्यांनी पहिल्या आठवड्यात दोनदा विचारून घेतले.

एक गोष्ट मात्र साफसफाईच्या वेळी जवळजवळ निसटली होती. जाळी कोरडी करून परत बसवली तर ती एका बाजूने डुगडुगली आणि टोपलीच्या भिंतीला खर्र असा आवाज आला. जाळीच्या चार कोपऱ्यांना चार सिलिकॉन रबराची छोटी बुचे असतात. जाळी घट्ट बसावी आणि तिचा धातू टोपलीच्या लेपाला लागू नये म्हणून ती दिलेली असतात. धुताना त्यांच्याखालचे किटण निघावे म्हणून ती काढली होती, आणि परत लावताना तीनच सापडली. बऱ्याच टोपल्यांच्या भिंतींवर चारही कोपऱ्यांत जे उभे ओरखडे दिसतात ते तारेचे नसतात, हरवलेल्या बुचांचे असतात. चौथे बूच सिंकच्या जाळीत, कोथिंबिरीच्या काड्यांखाली मिळाले. धुऊन कोपऱ्याला चढवले, जाळी दाबून बसवली, आणि संध्याकाळी त्याच टोपलीत कोथिंबीर वड्या लागल्या.